उंचीचा रकाना, वजनाचा रकाना



आजच्या विषयातलं गणित सहावी-सातवीतल्या मुलाला येतं. किलोमधलं वजन घ्यायचं, मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं, की बीएमआय आला. तो १८.५ पेक्षा कमी असेल तर कमी वजन, १८.५ पासून २५ च्या आतपर्यंत योग्य वजन, २५ किंवा त्याहून जास्त असेल तर जास्त वजन. एवढ्यासाठी तुम्हाला संध्याकाळी घराबाहेर काढायची गरज नव्हती. पण ज्या डॉक्टरांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते त्यांनी हयातभर गावोगावी आरोग्य शिबिरं घेतली, आणि अशा शिबिराचा शेवट नेहमी एका तक्त्यावर होतो. एक रकाना उंचीचा, एक वजनाचा. त्या दोन रकान्यांतून ‘गावात इतके टक्के कुपोषित, इतके टक्के लठ्ठ’ हे वाक्य तयार होतं आणि वर्तमानपत्रात जातं. ते वाक्य तयार होताना संगणकाच्या आत काय घडतं, ते आज पाहू.

पडद्यावर एक छोटा तक्ता आहे. आकडे मी या व्याख्यानासाठी रचलेले आहेत, कुणाचेही खरे नाहीत. पण असे तक्ते ज्यांनी हाताळलेत त्यांना यातली प्रत्येक ओळ ओळखीची वाटेल. वर मथळे, खाली पाच प्रौढ माणसांच्या पाच ओळी.

```
उंची,वजन
160,64
5.1,72
158,
148,40.5
165,63
```

उंची ‘अ’ रकान्यात म्हणजे एक्सेलच्या A मध्ये, वजन B मध्ये. C मध्ये बीएमआय काढायचा आणि D मध्ये गट लिहायचा. शिबिराचं काम करणारा कुणीही उत्साही मुलगा पुढची दोन सूत्रं लिहील आणि खालपर्यंत ओढत नेईल:

```
=B2*10000/A2^2
=IF(C2<18.5,"कमी",IF(C2<25,"योग्य","जास्त"))
```

दहा हजारांनी गुणलं आहे, कारण उंची सेंटिमीटरमध्ये आहे. सूत्रांत व्याकरणाची चूक नाही. पाचही ओळींसमोर गट उमटतो, लाल खूण कुठेच नाही. मोजणी करा: कमी दोन, योग्य एक, जास्त दोन. अहवाल तयार.

आता तिसरी ओळ बघा. उंची १५८, वजनाची जागा रिकामी. रांग लांब होती म्हणून बाई वजनकाट्यावर उभ्या न राहताच निघून गेल्या, किंवा काट्याचा सेल संपला, काहीही झालं असेल. एक्सेल रिकाम्या चौकटीला हिशेबात शून्य धरतं. शून्याला कशानेही भागलं तरी शून्यच. शून्य १८.५ पेक्षा कमी आहे. म्हणून ज्यांना कुणी तोललंच नाही त्या बाईंची नोंद ‘कमी वजन’ अशी झाली. शिबिराला जितकी माणसं वजन न करता परत गेली तितकं गाव कागदोपत्री कुपोषित झालं. उंचीची जागा रिकामी असती तर शून्याने भागाकार होऊन चौकटीत `#DIV/0!` आलं असतं आणि निदान आपल्या लक्षात आलं असतं. वजनाची रिकामी जागा मात्र आवाज करत नाही.

गंमत पुढे आहे. दुसरा कुणी जरा जाणकार माणूस येतो. त्याला त्या `#DIV/0!` च्या खुणा बघवत नाहीत. तो C मधलं सूत्र बदलून असं करतो, की उंची किंवा वजन नसेल तर चौकट कोरी दिसावी, म्हणजे तिथे `""` यावं. तक्ता स्वच्छ दिसू लागतो. पण एक्सेलच्या लेखी `""` हा रिकामा का होईना, मजकूर आहे, आणि तुलनेत कोणताही मजकूर कोणत्याही संख्येपेक्षा मोठा धरला जातो. मग ‘१८.५ पेक्षा कमी आहे का?’ नाही. ‘२५ पेक्षा कमी आहे का?’ नाही. उरलं काय? ‘जास्त’. त्याच न तोललेल्या बाई आता लठ्ठांच्या यादीत जाऊन बसल्या. पायथॉनमध्ये काम करणारी मंडळीही यातून सुटत नाहीत. तिथे नसलेल्या आकड्याला `NaN` म्हणतात आणि त्याची कशाशीही ‘लहान आहे का’ अशी तुलना केली तर उत्तर नकारार्थीच येतं. एकात एक अटी लिहून शेवटी ‘बाकीचे सगळे जास्त’ असं म्हटलं, की न मोजलेले सगळे तिथेच जातात.

चूक संगणकाची नाही. ती ‘बाकीचे सगळे’ या दोन शब्दांत आहे. गट तीन आहेत असं आपण धरून चालतो, पण तक्त्यात ते चार असतात, आणि चौथा गट ‘नोंद नाही’ हा. तो आपण स्वतः केला नाही तर यंत्र त्यातल्या माणसांना मिळेल त्या गटात ढकलतं. उपाय साधा आहे. गट विचारण्याआधी विचारायचं, की दोन्ही चौकटींत संख्या आहेत का:

```
=IF(COUNT(A2:B2)<2,"नोंद नाही",IF(C2<18.5,"कमी",IF(C2<25,"योग्य","जास्त")))
```

`COUNT` फक्त संख्या मोजतं. दोनपेक्षा कमी निघाल्या तर पुढचा प्रश्नच नको. आणि अहवालात चारही गटांची बेरीज आलेल्या माणसांइतकी भरते का ते पाहायचं. टक्केवारी काढताना मात्र छेदात फक्त मोजलेली माणसं घ्यायची.

दुसऱ्या ओळीवर मला जरा रेंगाळायचं आहे, कारण ही चूक अस्सल आपल्याकडची आहे. उंची ५.१, वजन ७२. सूत्राने ५.१ ला सेंटिमीटर समजून बीएमआय काढला तो सत्तावीस हजार सहाशेहून अधिक. पण अहवालात बीएमआयचा आकडा जात नाही, गट जातो, आणि गट ‘जास्त’ असा आला. ‘जास्त’ या शब्दाकडे पाहून कुणाला कळणार, की मागे सत्तावीस हजार आहेत?

समजा कळलं. आपण म्हणालो, अरे, ही उंची फुटांत आहे. आता ५.१ म्हणजे काय? दशांश अपूर्णांक मानला तर १५५.४ सेंटिमीटर होतात आणि बीएमआय २९.८ येतो. पाच फूट एक इंच मानलं तर १५४.९ सेंटिमीटर आणि बीएमआय जवळजवळ ३०. दोन्ही उत्तरं शेजारी-शेजारीच आहेत, दोन्ही ‘जास्त’ म्हणतात, आणि आपलं समाधान होतं. मग कुणीतरी मूळ कागदी फॉर्म काढतो. त्यावर निळ्या शाईत लिहिलेलं असतं ५.१०. म्हणजे पाच फूट दहा इंच. टंकलेखकाने इमानदारीने ५.१० असंच भरलं होतं. एक्सेलने ती संख्या समजून शेवटचं शून्य निरर्थक म्हणून गाळलं. पाच फूट दहा इंच म्हणजे १७७.८ सेंटिमीटर आणि बहात्तर किलोला बीएमआय २२.८. गडी अगदी योग्य वजनाचा. शून्य गळालं आणि नऊ इंच उंची गेली.

याच्याच शेजारी आपले साडेपाच फूट. बोलताना आपण कुणी ‘पाच फूट सहा इंच’ म्हणतो, कुणी ‘साडेपाच फूट’. साडेपाच लिहायचं कसं? ५.५. आणि पाच फूट पाच इंच कसं लिहितात? तेही ५.५. एकाच टेबलावर दोन स्वयंसेवक बसले असतील तर एकाच रकान्यात दोन अर्थांचे ५.५ येतात आणि नंतर जगातला कोणताही संगणकतज्ज्ञ ते वेगळे करू शकत नाही. तक्ता भरून झाल्यावर कोणतीही युक्ती इथे कामाला येत नाही. उपाय एकच, आणि तो रांगेच्या सुरुवातीला असतो: फॉर्मवर ‘उंची (सेंमी)’ असं छापायचं, भिंतीवर सेंटिमीटरची पट्टी लावायची आणि फुटांतला आकडा घ्यायचाच नाही. कुणी ‘माझी उंची मला माहीत आहे’ असं म्हणालं तरी चपला काढायला लावून मोजायची. विचारून लिहिलेल्या उंचीत माणसं स्वतःला थोडी उंच करून घेतात, आणि उंचीचा वर्ग होत असल्यामुळे ती उदारता बीएमआयमध्ये दुपटीने उतरते.

असे रकाने हाती आले तर तपासायचं कसं? सर्वांत आधी उंचीच्या रकान्यातला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा पाहायचा. सर्वांत लहान ४.११ आणि सर्वांत मोठा १८२ दिसला, की दोन मापं मिसळली आहेत हे उघड झालं. मग बीएमआयचेही दोन टोकांचे आकडे पाहायचे. डीएचएस नावाच्या आंतरराष्ट्रीय सर्वेक्षण-मालिकेत प्रौढ स्त्रियांचा बीएमआय १२ च्या खाली किंवा ६० च्या वर आला तर ती नोंद संशयित समजून बाजूला ठेवतात. आपणही ते जाळं लावावं. पण त्याची मर्यादा लक्षात घ्या. सत्तावीस हजार या जाळ्यात अडकतात, आपला तो २९.९९ अडकत नाही. निम्मी दुरुस्त केलेली चूक पूर्ण चुकीपेक्षा लपायला सोपी असते.

आता पहिली आणि चौथी ओळ. या दोघांच्या नोंदी निर्दोष आहेत, फक्त ती माणसं कुंपणावर बसलेली आहेत.

चौथी ओळ: १४८ सेंटिमीटर, साडेचाळीस किलो. भागाकार १८.४९. आरोग्यपत्रकांत गट असे छापलेले असतात: १८.५ ते २४.९, मग २५.० ते २९.९. हे वाचून माणसाला वाटतं, एक दशांश स्थळ पुरे. म्हणून तो C रकाना आधी एका दशांशापर्यंत पूर्ण करून घेतो. १८.४९ चा झाला १८.५ आणि बाई ‘कमी’ मधून ‘योग्य’ मध्ये आल्या. दुसरा माणूस पूर्ण न करता गट लावतो, त्याच्याकडे त्या ‘कमी’ मध्येच राहतात. दोघांनी एकच तक्ता वापरला आणि टक्केवारी वेगळी आली, यावरून भांडणं होतात. नियम असा, की गट न छाटलेल्या आकड्यावर लावायचा आणि छाटायचं ते फक्त छापताना. सीमा ‘२४.९ पर्यंत’ अशी न वाचता ‘२५ च्या आत’ अशी वाचायची, म्हणजे २४.९५ कुठे जाणार हा प्रश्नच उरत नाही.

पहिली ओळ: १६० सेंटिमीटर, ६४ किलो. कागदावर १.६ चा वर्ग २.५६ आणि ६४ भागिले २.५६ म्हणजे बरोबर २५, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. २५ म्हणजे ‘जास्त’. हेच पायथॉनला उंचीचे मीटर करून विचारलं तर उत्तर येतं `24.999999999999996`, म्हणजे ‘योग्य’. कारण असं, की १.६ ही संख्या संगणकाच्या द्विमान पद्धतीत नेमकी मावतच नाही, अगदी किंचित मोठी साठवली जाते. तिचा वर्ग किंचित मोठा होतो आणि भागाकार किंचित लहान. म्हणून मी सुरुवातीच्या सूत्रात मीटर केले नव्हते. वजनाला दहा हजारांनी गुणून सेंटिमीटरच्या वर्गाने भागलं, की ६,४०,००० भागिले २५,६०० असे पूर्णांक राहतात आणि उत्तर स्वच्छ २५ येतं. श्रोत्यांत पांडास वापरणारे तरुण असतील त्यांच्यासाठी एक ओळ:

```python
pd.cut(bmi, [0, 18.5, 25, float("inf")],
       labels=["कमी", "योग्य", "जास्त"], right=False)
```

यातलं `right=False` विसरलात तर सीमेवरचा माणूस खालच्या गटात जातो, २५ वाला ‘योग्य’ ठरतो आणि नेमका १८.५ वाला ‘कमी’. बाकी `pd.cut` ची एक गोष्ट मला आवडते: आकडाच नसेल तर ते गटही देत नाही, बाकीच्यांत ढकलत नाही.

मात्र त्या पहिल्या ओळीतल्या माणसाला घरी जाऊन ‘तुम्ही जास्त वजनाचे निघालात’ असं सांगायला मी कुणाला पाठवणार नाही. त्यांनी काट्यावर चढण्याआधी पाव लिटर पाणी प्यायलं असेल तर बीएमआय ०.१ ने वाढतो. उंची एक सेंटिमीटर कमी मोजली गेली असेल तर २५.३ आणि जास्त मोजली गेली असेल तर २४.७. सीमेवरचा नियम काटेकोर ठेवायचा तो शेकडो ओळींची टक्केवारी दर वर्षी सारखीच निघावी म्हणून. एका माणसाबद्दल तो फारसं काही सांगत नाही.

हे मूळ कर्त्यांनाही ठाऊक होतं. उंचीच्या वर्गाशी वजनाचं नातं बेल्जियमचे अदॉल्फ केतले यांनी १८३० च्या दशकात मांडलं. ते खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ, वैद्य नव्हेत. त्यांना ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता, कुणाचा आहार ठरवायचा नव्हता. बीएमआय हे नाव आलं १९७२ साली, अमेरिकेच्या अँसेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या निबंधातून. त्यांनी पाच देशांतल्या सात हजारांहून अधिक पुरुषांच्या नोंदी तपासल्या होत्या. पुरुषांच्या, हे ध्यानात ठेवा.

आणि आता पाचवी ओळ. १६५ सेंटिमीटर, ६३ किलो, बीएमआय २३.१. आपल्या सूत्राने ‘योग्य’ म्हटलं. सूत्र बरोबर, नोंद बरोबर, सीमेपासूनही दूर. तरीही या ओळीवरच खरा वाद आहे.

जानेवारी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाचा लेख आला. आशियाई लोकांत मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका २५ च्या बराच आधी सुरू होतो, हे त्यांनी मान्य केलं. सीमा बदलल्या नाहीत, पण २३ आणि २७.५ या आकड्यांना जादा खुणा म्हणून जागा दिली. त्याच महिन्यात त्याच नियतकालिकात एक छायाचित्र छापून आलं, आणि ते आपल्या पुण्याशी निगडित आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन हे दोघे शेजारी-शेजारी उभे. दोघांचाही बीएमआय २२.३. आपल्या तक्त्यात दोघे एकाच गटात, एकाच शब्दाखाली. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. उंची आणि वजन हे दोनच रकाने असतील तर स्नायू आणि चरबी यांतला फरक त्यांत उतरतच नाही. सूत्र कितीही काळजीपूर्वक लिहिलं तरी तो उतरणार नाही. त्यासाठी निदान कंबरेच्या घेराचा तिसरा रकाना लागतो.

पुढे २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी एकमताने आपल्यासाठी वेगळ्या रेषा सुचवल्या: १८ ते २२.९ योग्य, २३ पासून जास्त वजन, २५ पासून लठ्ठपणा. त्या रेषा लावल्या तर आपली पाचवी ओळ ‘जास्त’ मध्ये जाते, आणि चौथ्या ओळीतल्या १८.४९ च्या बाई, ज्यांच्यासाठी आपण दशांशांचा एवढा खल केला, त्या निमूटपणे ‘योग्य’ मध्ये येतात. डॉक्टरांच्या दवाखान्यात बहुधा या रेषा चालतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण मात्र १८.५ आणि २५ याच रेषा वापरतं. त्याच्या २०१९–२१ च्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी १८.७ टक्के कमी वजनाच्या आणि २४ टक्के जास्त वजनाच्या निघाल्या. या हिशेबात गरोदर स्त्रिया आणि नुकत्याच, म्हणजे गेल्या दोन महिन्यांत बाळंत झालेल्या स्त्रिया धरलेल्या नाहीत. तुमच्या गावाचा आकडा भारतीय रेषांनी काढून या २४ टक्क्यांशेजारी ठेवलात, तर गाव देशापेक्षा लठ्ठ ‘ठरणारच’. मी कुणाची रेषा खरी यात पडत नाही. सल्ला द्यायचा असेल तर २३ ची रेषा लावावी आणि तुलना करायची असेल तर २५ ची, असं माझं मत आहे. पण कोणती लावली ते तक्त्याखाली लिहिलेलं नसेल तर तो तक्ता कुणाच्याच उपयोगाचा नाही.

एक गोष्ट जाता जाता, कारण शाळांच्या तपासणीत ती सर्रास होते. या सगळ्या रेषा प्रौढांच्या आहेत. दहा वर्षांच्या निरोगी मुलीचा बीएमआय सोळा-साडेसोळा असणं अगदी साधारण आहे. तिला १८.५ ची रेषा लावली तर वर्गच्या वर्ग कुपोषित निघतो. मुलांसाठी वय आणि लिंग यांचे रकाने लागतात आणि जागतिक आरोग्य संघटनेचे वयानुसार तक्ते लागतात. ते नसतील तर गट लावू नये, नुसती उंची-वजन नोंदवून ठेवावं.

रेषा हलतात. अमेरिकेत १९९८ पर्यंत जास्त वजनाची रेषा पुरुषांसाठी २७.८ आणि स्त्रियांसाठी २७.३ होती. त्या वर्षी ती सगळ्यांसाठी २५ झाली आणि एक औंसही वजन न वाढता कोट्यवधी माणसं गट बदलून बसली. ज्यांच्याकडे जुन्या उंची-वजनाच्या मूळ नोंदी होत्या त्यांना नव्या रेषेने मागचे आकडे पुन्हा काढता आले. ज्यांनी फक्त ‘जास्त’ आणि ‘योग्य’ एवढंच जपलं होतं त्यांना ते शक्य नव्हतं. म्हणून इथे बसलेल्या शिबिरं घेणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे: गटाचा रकाना करा, पण त्यापायी उंचीचा आणि वजनाचा रकाना पुसू नका, आणि निळ्या शाईतले ते कागदी फॉर्म निदान तक्ता तपासून होईपर्यंत रद्दीत देऊ नका.